माल परत गेला, पैसे कधी वजा होणार?

प्रश्न : इंदिरानगरमध्ये माझं इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. १२ मार्चला रविवार कारंजाजवळच्या होलसेलरकडून २० सीलिंग फॅन घेतले. त्यातले सहा आवाज करत होते, ते २८ मार्चला टेम्पोने परत पाठवले. बिलाचे पैसे मी पूर्ण भरलेत. शेठ म्हणाले, "पुढच्या बिलात वळते करून देतो." त्यानंतर दोन बिलं झाली, दोन्ही पूर्ण रकमेची. आता म्हणतात, कंपनीकडून क्रेडिट आलं की देतो. १० जूनचं ४७,२०० रुपयांचं बिल समोर आहे. त्यातून मीच पैसे कापून घेऊ का? बरीच वर्षं त्यांच्याकडूनच माल उचलतो, संबंध बिघडवायचे नाहीत. नेमकं मागायचं काय आणि कसं? मार्चच्या बिलाचा फोटो सोबत पाठवला आहे.
– एक दुकानदार, इंदिरानगर, नाशिक

उत्तर :

आज तरी कापू नका. आधी शेठकडून क्रेडिट नोट, म्हणजे परत मालाची रक्कम तुमच्या नावावर जमा केल्याचा कागद, हातात घ्या आणि मग ती १० जूनच्या बिलाच्या पैशांतून वजा करा. हा क्रम उलटा केलात तर तुम्ही कापलेली रक्कम त्यांच्या खातेवहीत तुमच्या नावावर थकबाकी म्हणून दिसेल. सेल्समन दर आठवड्याला तिचा तगादा लावेल आणि सहा पंख्यांची मूळ गोष्ट कुणाच्या लक्षातही राहणार नाही.

बिलाच्या फोटोत एक गोष्ट चांगली आहे. सूट बिलातच दाखवली आहे. यादीतला भाव १,५०० रुपये, त्यावर १० टक्के ट्रेड डिस्काउंट, म्हणजे पंखा १,३५० ला पडला. वीस पंख्यांचे २७,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ४,८६०, एकूण ३१,८६०. परत गेलेल्या सहा पंख्यांचे ८,१०० अधिक जीएसटी १,४५८, म्हणजे ९,५५८ रुपये. क्रेडिट नोट याच रकमेची हवी, एक रुपया कमी नाही आणि एक रुपया जास्त नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण इथे दोन्हीकडून चूक होते. दुकानदार कधी यादीतल्या १,५०० च्या भावाने मागणी करतो, तर होलसेलरचा मुनीम "हल्ली हाच पंखा १,२९० ला चाललाय" म्हणून आजचा भाव लावतो. दोघंही चूक. ज्या बिलावर माल आला, त्याच बिलाचा भाव, तीच सूट आणि तोच टॅक्सचा दर क्रेडिट नोटवर यायला हवा.

"पुढच्या बिलात वळते करतो" म्हणून बाजारात प्रत्यक्षात काय केलं जातं, ते पाहिलं की तुमचं घोडं कुठे अडलंय ते समजेल. एक पद्धत अशी : १० जूनच्या बिलात माल ४०,००० चा आहे, तर मुनीम करपात्र किंमतच ८,१०० ने कमी करतो. ३१,९०० वर १८ टक्के म्हणजे ५,७४२, बिल झालं ३७,६४२ चं. आता नीट केलं तर काय येतं तेही बघा. बिल पूर्ण ४७,२०० चं, त्यातून क्रेडिट नोटचे ९,५५८ वजा, द्यायचे ३७,६४२. रक्कम अगदी तीच! म्हणूनच कुणाला ही पद्धत खटकत नाही, आणि कित्येक दुकानांत ती वर्षानुवर्षं चालू राहते.

पण त्या ३७,६४२ च्या बिलावर ४०,००० चा माल ३१,९०० ला विकल्याचं दिसतं. तुमच्या खरेदीचा भाव बिघडला. उद्या त्याच बिलातलं काही परत करायची वेळ आली तर कोणत्या भावाने करणार? मार्चच्या बिलावर तुमच्याकडे अजून वीस पंखे आहेत, दुकानात मात्र चौदाच उरले. शेठच्या गोदामात सहा पंखे आले, पण त्यांच्या आवकीला कागद नाही. शिवाय पुढच्या बिलातल्या मालाचा टॅक्सचा दर वेगळा असला, तर रक्कमही जुळणार नाही. म्हणून शेठनी अशी "सोपी" तोड सुचवली तरी नको म्हणा.

दुसरी पद्धत म्हणजे नुसती तोंडी जमा. मुनीम डायरीत टिपून ठेवतो, "इंदिरानगर, ६ फॅन परत," आणि बिलं मात्र पूर्ण रकमेची निघत राहतात, कारण बिल बनवणारा मुलगा डायरी बघत नाही, संगणकावरचं खातं बघतो. तुमच्या बाबतीत माझ्या अंदाजाने हेच झालंय. शेठ फसवत आहेत असं मला वाटत नाही. त्यांच्या संगणकात तुमचा माल परत आलेलाच नाही, इतकंच.

आता "कंपनीकडून क्रेडिट आलं की देतो" या उत्तराकडे वळू, कारण ते थोडं फसवं आहे. पंखे परत घेताना नेमकं काय ठरलं होतं? शेठनी ते वॉरंटीत कंपनीला पाठवायला घेतले असतील, तर तो बदलीचा व्यवहार झाला. त्यात तुम्हाला सहा चांगले पंखे मिळतात, पैसे मिळत नाहीत, आणि क्रेडिट नोटचा प्रश्नच येत नाही. पण "वळते करून देतो" असं त्यांनी म्हटलं, म्हणजे त्यांनी माल परत घेऊन किंमत द्यायचं कबूल केलं. मग कंपनी त्यांना पैसे देते की नाही, कधी देते, हा त्यांचा आणि कंपनीचा हिशेब. तुम्हाला बिल कंपनीने दिलेलं नाही, शेठनी दिलंय.

यात माल परत केल्याच्या तारखेला महत्त्व आहे. १९३० चा मालविक्री कायदा सांगतो की माल नाकारायचा असेल तर ग्राहकाने वाजवी मुदतीत तसं कळवायला हवं. माल ठेवून घेतला आणि गप्प राहिलात, तर तुम्ही तो स्वीकारला असं धरलं जातं. १२ मार्चचा माल २८ मार्चला परत गेलाय, तेव्हा इथे तुमची बाजू बरी आहे. अट एकच, परत गेल्याचा पुरावा हवा. टेम्पोसोबत डिलिव्हरी चलन दिलं होतं का? त्यावर गोदामातल्या माणसाची सही-शिक्का आहे का? पत्रात याबद्दल काही नाही, म्हणून मी धरून चालतो की नाही. मग आज करता येईल ते असं. शेठच्या व्हॉट्सअ‍ॅपवर साधा निरोप टाका : "शेठ, २८ मार्चला ६ फॅन परत पाठवले होते, ते तुमच्या गोदामात जमा आहेत ना? कंपनीला क्लेम लावायला बॅच नंबर हवे असतील तर पाठवतो." त्यांनी "हो" लिहिलं किंवा नंबर मागितले, की पावतीची गरज बऱ्यापैकी भागली. भांडण नाही, आरोप नाही, आणि कागद तयार.

(पुढच्या वेळी माल परत करताना चलनाच्या दोन प्रती करा, मूळ बिलाचा नंबर त्यावर लिहा आणि एक प्रत सहीसकट परत आणा. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखापर्यंतच्या मालाला ई-वे बिल लागत नाही, पण चलन लागतं. टेम्पोवाल्याच्या हाती नुसता माल देऊ नये.)

निरोपाचं उत्तर आलं की लेखी मागणी द्या. ती सेल्समनकडे देऊ नका. सेल्समन ऑर्डर घेऊन जातो, तक्रार घेऊन जात नाही. दुकानाच्या लेटरहेडवर लिहा, एक प्रत शेठच्या हातात आणि एक मुनिमाच्या टेबलावर. मजकूर असा चालेल :

"आदरणीय शेठ,
स. न. वि. वि.
आपल्या दि. १२ मार्चच्या बिलावर आलेल्या २० सीलिंग फॅनपैकी ६ फॅन सदोष निघाल्याने दि. २८ मार्च रोजी आपल्या गोदामात परत केले आहेत. ते स्वीकारून रक्कम वळती करण्याचं आपण सांगितलं होतं.
मूळ बिलाच्या दराने हिशेब असा : ६ फॅन, दर १,३५० (सूट वजा जाता), करपात्र किंमत ८,१०० रु., सीजीएसटी ९ टक्के ७२९ रु., एसजीएसटी ९ टक्के ७२९ रु., एकूण ९,५५८ रु.
या रकमेची क्रेडिट नोट मूळ बिलाचा क्रमांक व तारीख घालून चालू महिन्यातच द्यावी आणि आपल्या जीएसटीआर-१ मध्ये दाखवावी, ही विनंती. ती मिळताच दि. १० जूनच्या ४७,२०० रुपयांच्या बिलापोटी ३७,६४२ रु. त्याच दिवशी आपल्या खात्यात भरतो.
कळावे, आपला विश्वासू"

शेवटचं वाक्य काढून टाकू नका. होलसेलरला क्रेडिट नोटमध्ये रस नसतो, त्याला वसुलीत असतो. कागद दिला की त्याच दिवशी पैसे येतात हे एकदा दिसलं, की मुनीम तुमचं काम वरच्या फायलीत ठेवतो. हातातलं १० जूनचं बिल हीच तुमची खरी ताकद आहे. ते पूर्ण भरून मग क्रेडिट नोट मागायला गेलात, तर पुन्हा "पुढच्या बिलात" ऐकायची तयारी ठेवा.

तुमच्या अकाउंटंटने एव्हाना डेबिट नोट काढली असेल, "झालं की, नोंद केली" असंही म्हणाला असेल. ती नोंद तुमच्या वहीपुरती ठीक आहे, काढलीच पाहिजे. पण जीएसटीच्या हिशेबात माल परत आल्यावर टॅक्स कमी करणारा कागद विकणाऱ्याचाच लागतो. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३४ मध्ये तो शेठनी काढायचा आहे. नोट हातात आल्यावर त्यावर त्यांचा आणि तुमचा जीएसटी नंबर, नोटचा स्वतःचा क्रमांक आणि तारीख, मूळ बिलाचा क्रमांक आणि तारीख, किंमत, टॅक्सचा दर आणि रक्कम, आणि सही आहे ना, ते पाहून घ्या. मूळ बिलाचा उल्लेख नसेल तर तिथल्या तिथे परत द्या. सगळ्यात जास्त हीच जागा रिकामी सापडते, आणि वर्षाअखेरीस खातं जुळवताना तिच्यावरूनच वाद होतात.

नोट आल्यावर १० जूनचं बिल जसंच्या तसं, पूर्ण ४७,२०० चं राहतं. त्यात कुणीही हात घालायचा नाही. बिलाच्या एकूण रकमेखाली "वजा : क्रेडिट नोट क्र. अमुक, ९,५५८" अशी ओळ कुणी लिहिली तर हरकत नाही, कारण ती टॅक्सचा आकडा ठरल्यानंतरची आहे. बँकेतून ३७,६४२ पाठवा आणि बिलाचा नंबर, क्रेडिट नोटचा नंबर आणि दोन्ही रकमा शेठना लगेच कळवा. तुमच्या टॅलीत ती नोट १० जूनच्या बिलाशी Agst Ref लावून जोडा. 'ऑन अकाउंट' टाकलीत तर बिल अर्धवट भरलेलं दिसत राहील आणि नोट बाजूला लोंबकळत राहील.

टॅक्सचं तुमच्याकडे एक काम उरतं. मार्चच्या बिलावर तुम्ही ४,८६० चं इनपुट क्रेडिट घेतलं असणार. त्यातले १,४५८ आता परत करायचे. शेठनी नोट त्यांच्या जीएसटीआर-१ मध्ये टाकली की ती पोर्टलवर तुमच्या आयएमएसमध्ये, म्हणजे आलेली बिलं आणि नोटा स्वीकारायच्या किंवा नाकारायच्या पानावर, दिसते. ती स्वीकारा. काहीच केलं नाही तरी ती स्वीकारली असंच धरलं जातं आणि तुमच्या जीएसटीआर-२बी मध्ये तेवढं क्रेडिट कमी होतं. घाईत किंवा "माझं क्रेडिट का कमी करतात" असं वाटून ती नाकारू मात्र नका. तुम्ही नाकारलीत की तो टॅक्स शेठच्या पुढच्या रिटर्नमध्ये पुन्हा देणं म्हणून उभा राहतो. २०२५ च्या वित्त कायद्याने तर स्पष्टच केलंय की तुम्ही क्रेडिट परत केल्याशिवाय शेठना त्यांचा टॅक्स कमी करता येत नाही. क्रेडिट नोटला होलसेलर हल्ली कां-कूं करतात, त्यामागे हा अनुभवही असतो. कुठल्यातरी दुकानदाराने नोट नाकारली आणि भुर्दंड त्यांच्यावर आला. म्हणून तोंडी सांगून टाका, "शेठ, नोट आली की मी पोर्टलवर लगेच अ‍ॅक्सेप्ट करतो." या एका वाक्याने काम हललेलं मी पाहिलंय.

तुम्ही कंपोझिशनमध्ये असाल तर हे परत करणं तुम्हाला लागू नाही, कारण क्रेडिट घेतलेलंच नसतं. क्रेडिट नोट मात्र टॅक्ससकट ९,५५८ ची हवी.

आता मुदतीचं. बिल मार्चचं आहे हे तुमच्यासाठी जरा अडचणीचं आहे. जीएसटीसकट क्रेडिट नोट शेठना, मूळ विक्री ज्या आर्थिक वर्षातली, त्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच रिटर्नमध्ये दाखवता येते. त्याआधी त्यांनी त्या वर्षाचं वार्षिक रिटर्न भरलं, तर तीच शेवटची तारीख. हेच बिल २ एप्रिलचं असतं तर पुढच्या वर्षाचा नोव्हेंबर मिळाला असता. १२ मार्चच्या बिलाला याच वर्षीचा ३० नोव्हेंबर आहे. आज जून चालू आहे, म्हणजे वेळ आहे, पण "कंपनीचं क्रेडिट" दिवाळीनंतर आलं तर फार थोडा उरेल.

मुदत गेली तरी शेठ तुम्हाला साधी, बिनटॅक्सची क्रेडिट नोट देऊ शकतात. पण सरकारात भरलेले १,४५८ त्यांना परत मिळणार नाहीत, म्हणून ते ८,१०० च देऊ करतील, आणि त्या १,४५८ वरून तुमचं वाजेल. माल परत करताना दुकानदाराने स्वतःच विक्रीचं बिल काढण्याचा एक मार्गही आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुदत संपलेल्या औषधांसाठी काढलेल्या परिपत्रकात तो सांगितला आहे आणि इतर परत मालालाही तो लागू होतो असं तिथेच म्हटलंय. पण ते बिल मालासोबत जायला हवं. तुमचे पंखे मार्चमध्येच गेलेत, तेव्हा आता मागच्या तारखेचं बिल काढायच्या भानगडीत पडू नका.

आणि तरीही तुम्ही आज ९,५५८ कापलेत तर काय होईल, तेही सांगून ठेवतो. १० जूनचं बिल तेवढ्याने अपुरं भरलेलं राहील. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पूर्ण पैसे दिले नाहीत, तर न भरलेल्या रकमेवरचं इनपुट क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. ते १८० दिवस ७ डिसेंबरला संपतात. ९,५५८ मधला टॅक्स बरोबर १,४५८ येतो. म्हणजे ३० नोव्हेंबरपर्यंत क्रेडिट नोट नाही आणि आठवड्याभरात हा फटका, असं दोन्हीकडून व्हायचं.

शेठ ऐकतच नसतील तर? लेखी मागणी दिल्यावर दहा-बारा दिवस थांबा. मग १० जूनच्या बिलातले ३७,६४२ भरून टाका आणि सोबत लिहा की उरलेले ९,५५८ क्रेडिट नोट येईपर्यंत थांबवले आहेत, नोट आली की ते त्याच दिवशी वळते होतील. हे गुपचूप कापण्यापेक्षा वेगळं आहे. वाद नेमका किती रकमेचा आणि कशामुळे, ते कागदावर राहतं आणि बाकी पैसे वेळेवर गेल्याने माल थांबवायला शेठना कारण उरत नाही. त्याच दिवशी खात्याचा उतारा मागा आणि तुमच्या खातेवहीशी ओळीन् ओळ ताडून बघा. मधल्या दोन बिलांत त्यांनी कुठे आणखी काही "वळतं" केलंय का, तेही त्यातच कळेल. ऑक्टोबर उजाडला आणि नोट आली नाही, तर मुनिमाशी बोलणं थांबवून त्यांच्या सीएला फोन करा. वार्षिक रिटर्न कधी भरायचं ते त्याच्या हातात असतं, आणि शेठचे १,४५८ बुडू नयेत याची काळजी त्याला शेठपेक्षा जास्त असते.